सामाईक पाइपच्या गळतीने दुकानातला माल भिजला, तर सोसायटीला पत्र कसे लिहावे

तळमजल्यावरच्या गाळ्याच्या छतातून सामाईक पाइपचे पाणी गळून माल खराब झाला, की दुकानदार सोसायटीला जे पत्र लिहितो त्यात बहुधा एकाच दमात दोन मागण्या असतात: पाइप दुरुस्त करा आणि नुकसान भरून द्या. घटना एकच असली तरी या दोन मागण्यांचा आधार वेगळा आहे. सामाईक पाइपची दुरुस्ती ही उपविधींनुसार संस्थेची जबाबदारीच असते आणि तिच्यासाठी कोणाची चूक दाखवावी लागत नाही. पाइप सामाईक आहे आणि तो गळतो आहे, एवढे दाखवले की पुरे. भरपाईसाठी मात्र तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: संस्थेने घ्यायला हवी होती ती काळजी घेतली नाही, माल त्याच गळतीने खराब झाला, आणि नुकसानीचा आकडा खरा आहे. दोन्ही मागण्या एकात गुंतल्या, की समिती आकड्यावर हरकत घेते आणि आकड्याचा वाद मिटेपर्यंत पाइप तसाच गळत राहतो. म्हणून पत्र एकच असले तरी त्यातल्या मागण्या वेगळ्या, त्यांचे पुरावे वेगळे आणि त्यांच्या मुदतीही वेगळ्या ठेवाव्यात. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

हा लेख महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेतील गाळ्यासंबंधी आहे आणि दुकानदार हाच गाळ्याचा मालक व संस्थेचा सभासद आहे, असे येथे धरले आहे. दुकान भाडेकराराने किंवा लीव्ह अँड लायसन्सने चालवत असाल, तर दुरुस्तीची मागणी सभासद असलेल्या मालकाच्या सहीने जावी आणि मालाच्या नुकसानीचे आपले निवेदन त्याला जोडावे. अन्यथा अर्जदार सभासद नाही, या एका ओळीवर पत्र बाजूला ठेवले जाते.

पाइप कोणाचा, हे आधी ठरवा

छतातून पाणी आले म्हणजे ते सामाईक पाइपचेच, असे नसते. आदर्श उपविधींमध्ये संस्थेने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी दिलेली आहे. तिच्यात बाहेरील पाण्याच्या पाइपलाइन, ड्रेनेज लाइन, पाण्याच्या टाक्या आणि सामाईक पाइपलाइन व ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती हे सगळे येते. एखाद्या सदनिकेच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणाऱ्या गळतीचा खर्च मात्र त्या सदनिकाधारकावर येतो. २०१४ च्या आदर्श उपविधींत ही तरतूद १५९ व्या क्रमांकाला आढळते, पण प्रत्येक संस्थेने कोणत्या वर्षीचे उपविधी स्वीकारून नोंदवले आहेत त्यानुसार क्रमांक बदलतो. त्यामुळे आपल्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत मागवून त्यातलाच क्रमांक पत्रात घालावा. चुकीचा क्रमांक घातल्याने हक्क जात नाही, पण समितीला उत्तरात मूळ मुद्द्याऐवजी त्या चुकीवर बोलण्याची संधी मिळते.

दुकानांवर घरे असलेल्या इमारतीत त्रासाची जागा बरीच ठरलेली असते. वरच्या मजल्यांवरून डक्टमधून सरळ खाली येणारा सांडपाण्याचा पाइप पहिल्या मजल्याच्या स्लॅबखाली, म्हणजे दुकानाच्या फॉल्स सीलिंगच्या वर, वळवून आडवा नेलेला असतो आणि पुढे चेंबरकडे सोडलेला असतो. वरून वेगाने येणारे पाणी त्या वळणावर आदळते आणि आडव्या भागात गाळ साचतो. पुढे चेंबर तुंबले, तर पाणी मागे चढून सर्वांत कमकुवत जॉइंटमधून बाहेर पडते. जुन्या इमारतीत हा पाइप बीडाचा असेल तर तो खालच्या बाजूने गंजून पातळ होतो किंवा त्याला उभी चीर जाते. पीव्हीसीचा असेल तर बहुधा जॉइंटची रबर रिंग सरकलेली असते किंवा आधाराचे क्लॅम्प निघाल्यामुळे पाइप झोल खाऊन जॉइंट उघडलेला असतो.

कोणता पाइप गळतो आहे हे पाण्याच्या वागण्यावरून बरेच कळते. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा स्वच्छ पाण्याचा पाइप सतत दाबाखाली असतो, म्हणून त्याची गळती दिवसरात्र सारखी चालते आणि गच्चीवरचा त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर थोड्या वेळाने थांबते. सांडपाण्याच्या पाइपची गळती सकाळी आंघोळी-धुण्यांच्या वेळी वाढते आणि दुपारी जवळजवळ बंद होते. पाण्याला साबणाचा फेस किंवा वास असतो. पावसाच्या पाण्याचा पाइप पाऊस असेपर्यंतच गळतो.

गळती सांडपाण्याची असेल, तर ती सामाईक पाइपची की पहिल्या मजल्यावरच्या एखाद्या घराच्या नाहणी ट्रॅपची, हा खरा वादाचा मुद्दा असतो. तो रंगाच्या चाचणीने सुटतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या नाहणीत पाण्यात विरघळणारा रंग टाकून दोन बादल्या पाणी ओतावे आणि दुकानाच्या छताकडे लक्ष ठेवावे. ते पाणी पहिल्या मजल्याच्या घरात शिरतच नाही, ते फक्त सामाईक पाइपमधून जाते. त्यामुळे दुकानात रंगीत थेंब पडले तर गळती सामाईक भागात आहे हे उघड होते. रंग आला नाही, तर पाइप धुऊन निघाल्यावर पहिल्या मजल्याच्या नाहणीत वेगळ्या रंगाने तीच चाचणी करावी. फक्त त्याच वेळी रंग उतरला, तर दोष बहुधा त्या घराच्या ट्रॅपमध्ये किंवा तिथून सामाईक पाइपला मिळणाऱ्या तुकड्यात आहे, आणि मग पत्र संस्थेबरोबर त्या सदनिकाधारकालाही द्यावे लागते. चाचणी परवानाधारक प्लंबरकडून करून घ्यावी आणि कोणत्या मजल्यावर, किती वाजता, कोणता रंग टाकला व दुकानात तो कधी दिसला, एवढे त्याच्या अहवालात असावे. असा चार ओळींचा अहवाल पत्रातल्या दोन पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त काम करतो.

पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी

दिवे किंवा वायरिंगजवळ पाणी असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. त्यानंतर माल हलवण्यापूर्वी फोटो आणि व्हिडिओ घ्यावेत. एका सलग चित्रणात छतावरची गळतीची जागा, तिच्या खालचे कपाट आणि कपाटातला भिजलेला माल असा क्रम यावा. सुट्या सुट्या फोटोंतून पाणी कुठून आले आणि कुठे पडले यांचा संबंध दिसत नाही. मूळ फाइल ज्या फोनवर घेतली तो फोन आणि ती फाइल तशीच राखावी. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि अनेक ग्रुपमधून फिरून आलेल्या प्रतीसाठी ते देणे अवघड होते.

त्याच दिवशी सचिवांना फोन करून समितीच्या एखाद्या सदस्याला दुकानात बोलवावे व पंचनामा करावा. हा सरकारी पंचनामा नव्हे. तारीख, वेळ, गळतीची जागा, भिजलेल्या मालाची वर्गवार नगसंख्या आणि हजर असलेल्यांच्या सह्या असलेला साधा कागद आहे. शेजारचे दोन दुकानदार किंवा इतर त्रयस्थ व्यक्ती साक्षीदार घ्याव्यात. समितीचा सदस्य आला पण सही करायला तयार नसेल, तर ‘श्री. ... यांनी पाहणी केली, सही करण्यास नकार दिला’ असे लिहून साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

दुकानाचा विमा असेल तर विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल टाकू नये. छोट्या व्यवसायांसाठीच्या प्रमाणित विमा पॉलिसींमध्ये पाण्याच्या टाक्या व पाइप फुटून किंवा ओसंडून झालेले नुकसान सहसा समाविष्ट असते, पण महिनोन्महिने हळूहळू झिरपून झालेल्या नुकसानीवर कंपन्या हरकत घेतात. म्हणून पाणी अचानक आले की आधीपासून ओल होती, हे कंपनीला आणि संस्थेला लिहिलेल्या दोन्ही पत्रांत सारखेच, म्हणजे घडले तसे, लिहावे. दोन ठिकाणी दोन कथा लिहिणारा दोन्हीकडे हरतो.

वाचवता येण्याजोगा माल लगेच हलवून वाळवणे हेही आपले काम आहे. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी प्रयत्न केले नाहीत, तर त्या वाढलेल्या भागाची भरपाई नाकारली जाऊ शकते. कोरडा माल शेजारच्या जागेत हलवल्याचे भाडे आणि मजुरी ही मात्र नुकसानीत धरता येते, तेव्हा त्यांच्या पावत्या घ्याव्यात.

संस्थेची चूक कशी दाखवायची

सर्वांत बळकट आधार म्हणजे आधीची लेखी तक्रार. जानेवारीत ओल दिसली, तेव्हा लेखी कळवले, संस्थेने काही केले नाही, आणि मार्चमध्ये माल भिजला, ही साखळी तारखांसह मांडता आली तर संस्थेला ‘आम्हाला माहीतच नव्हते’ असे म्हणता येत नाही. तोंडी सांगितले असेल तर त्यानंतरचे मेसेज, संस्थेने पाठवलेल्या प्लंबरची भेट, चौकीदाराच्या वहीतली नोंद असे काही हाती लागते का, ते पाहावे.

आधी तक्रारच नसेल तर दावा कमकुवत होतो, हे मान्य करूनच पुढे जावे. तरीही संस्थेला कळायला हवे होते असे दाखवता येते. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर ३ वर्षांतून एकदा व्हायला हवी. ती झाली नसेल, किंवा झाली असून अहवालात पाइप बदलण्याची सूचना असेल, तर तोच आधार होतो. अहवालाची आणि सभेच्या इतिवृत्ताची प्रत सभासद म्हणून लेखी अर्ज करून व शुल्क भरून मागावी. शेजारच्या गाळ्यालाही त्याच लाइनचा त्रास झाला असेल, तर त्याचे पत्र जोडावे.

आपल्या बाजूच्या उणिवाही आधीच तपासून घ्याव्यात, कारण समितीचे उत्तर बहुधा तिथूनच सुरू होते. फॉल्स सीलिंगमुळे पाइपपर्यंत पोहोचता येत नाही, संस्थेच्या प्लंबरला मागे दुकानात येऊ दिले नाही, परवानगी न घेता घातलेल्या पोटमाळ्यावर माल ठेवला होता, या तीन हरकती वारंवार येतात. पहिल्या दोन्हींना पत्रातच उत्तर देता येते: सीलिंगचा आवश्यक भाग उघडून ठेवला आहे आणि अमुक वेळेत काम करता येईल, असे स्पष्ट लिहावे. पोटमाळा मंजूर नसेल तर त्यावरच्या मालाचा हिशेब वेगळा ठेवावा, म्हणजे वाद त्या भागापुरता राहतो.

आकडा कसा काढावा

एक उदाहरण सविस्तर पाहू. कापडाचे दुकान आहे. ५ मार्चच्या रात्री छतातल्या सांडपाण्याच्या पाइपचा जॉइंट सुटला आणि सकाळी दोन कपाटे भिजलेली आढळली. ४० साड्या आणि ३५ ड्रेस मटेरियल सांडपाण्याने डागाळून पूर्ण निकामी झाले. आणखी ६० साड्यांवर घडीच्या कडेला पाण्याचे डाग आले. त्या कमी किमतीत विकता येतील.

मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरावी, विक्रीच्या नव्हे. विक्रीच्या किमतीत न झालेला नफा असतो, आणि तो या आकड्यात मिसळला की संपूर्ण आकडाच फुगवलेला वाटतो. खरेदी बिलांप्रमाणे कर वगळून निकामी साड्यांची किंमत नगास १,१५० रुपये, म्हणजे ४६,००० रुपये. ड्रेस मटेरियलची नगास ६४० प्रमाणे २२,४०० रुपये. एकूण ६८,४०० रुपये.

येथे जीएसटीचा मुद्दा बहुतेक पत्रांतून निसटतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७(५)(एच) नुसार नष्ट झालेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. घेतले असेल तर परत करावे लागते. म्हणजे निकामी मालावर भरलेला ५ टक्के कर, ३,४२० रुपये, हा दुकानदाराचा प्रत्यक्ष तोटा आहे आणि तो मागता येतो. ज्या ६० साड्या सवलतीत विकल्या जातील त्यांच्यावर मात्र हा प्रश्न येत नाही, कारण तो माल विकला जातो. क्रेडिट परत केल्याची नोंद आपल्या विवरणपत्रात आणि निकामी मालाची नोंद साठ्याच्या वहीत असली पाहिजे. कंपोझिशन योजनेत असाल किंवा जीएसटी नोंदणीच नसेल, तर क्रेडिटच मिळत नाही. अशा वेळी करासहित खरेदी किंमत सरळ धरावी.

डागाळलेल्या ६० साड्यांची खरेदी नगास ९०० रुपये, म्हणजे ५४,००० रुपये. त्या नगास ५०० रुपयांना जातील असा अंदाज धरला तर ३०,००० रुपये हाती येतील आणि तोटा २४,००० रुपये. हा अंदाज असल्याचे पत्रात सांगावे आणि प्रत्यक्ष विक्रीची बिले नंतर द्यावीत. माल विकण्यापूर्वी संस्थेला पाहणीची तारीख देणे आवश्यक आहे. न दाखवता विकलेल्या मालाच्या डागांबद्दल नंतर कोणालाच काही सिद्ध करता येत नाही.

फॉल्स सीलिंगच्या दुरुस्तीचे दरपत्रक १८,५०० रुपयांचे, दिवे व वायरिंगचे बिल ३,२०० रुपयांचे, सफाई व मजुरी २,८०० रुपयांची. निकामी मालाचे करासह ७१,८२०, डागाळलेल्या मालाचे २४,०००, आणि या तीन बाबींचे २४,५०० मिळून १,२०,३२० रुपये होतात. दुकान बंद राहिल्याने बुडालेला नफा मागायचा असेल तर तो वेगळ्या शीर्षाखाली, मागच्या वर्षीच्या त्याच काळातल्या विक्रीच्या आधारे मागावा. माझे मत असे, की बंद काळ एक-दोन दिवसांचाच असेल तर पहिल्या पत्रात तो घालू नये; रक्कम छोटी असते आणि तिच्यावरचा वाद मोठा.

पत्राचा मसुदा

वरच्या उदाहरणावर बेतलेला मसुदा पुढे दिला आहे. जागा व नावे आपली घालावीत.

दिनांक: ९ मार्च २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष / मा. सचिव,
... सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
(संस्थेचा नोंदणीकृत पत्ता)

विषय: गाळा क्र. ... च्या छतातील सामाईक सांडपाणी पाइपची गळती – (अ) तातडीची दुरुस्ती, (ब) मालाच्या नुकसानीची भरपाई.

संदर्भ: १) माझे दि. १२ जानेवारी २०२६ चे पत्र. २) माझे दि. २ फेब्रुवारी २०२६ चे स्मरणपत्र. ३) दि. ६ मार्च २०२६ चा पंचनामा.

महोदय,

मी वरील गाळ्याचा मालक व संस्थेचा सभासद असून तेथे माझे कापडाचे दुकान आहे. गाळ्याच्या छताखालून वरील मजल्यांचा सामाईक सांडपाणी पाइप जातो. या पाइपच्या जॉइंटपाशी ओल दिसत असल्याचे मी संदर्भ १ च्या पत्राने संस्थेस कळवले होते आणि संदर्भ २ ने स्मरण दिले होते. दोन्ही पत्रांची पोच माझ्याकडे आहे. त्यानंतर संस्थेकडून कोणतीही दुरुस्ती झाली नाही.

दि. ५ मार्च रोजी रात्री ९ वाजता दुकान बंद केले तेव्हा माल कोरडा होता. दि. ६ मार्च रोजी सकाळी १० वाजता दुकान उघडले असता सदर जॉइंट सुटून सांडपाणी दोन कपाटांवर पडत असल्याचे आढळले. त्याच दिवशी साक्षीदारांसमक्ष पंचनामा केला. परवानाधारक प्लंबरने दि. ७ मार्च रोजी केलेल्या रंग चाचणीत, तिसऱ्या मजल्यावरील नाहणीत टाकलेला रंग दुकानातील गळतीत उतरला. यावरून गळती सामाईक पाइपची असल्याचे स्पष्ट होते.

(अ) दुरुस्ती: सामाईक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती संस्थेच्या उपविधी क्र. ... नुसार संस्थेने स्वखर्चाने करावयाची आहे. आपण हे पत्र मिळाल्यापासून ४८ तासांत गळती तात्पुरती थांबवावी आणि १५ दिवसांत सदोष भाग बदलून कायमची दुरुस्ती करावी. त्यासाठी फॉल्स सीलिंगचा आवश्यक भाग मी उघडून ठेवला असून रोज सकाळी ८ ते रात्री ९ या वेळेत काम करता येईल. ही मागणी खालील भरपाईच्या निर्णयावर अवलंबून नाही.

(ब) भरपाई: लेखी सूचना मिळूनही वेळेत दुरुस्ती न झाल्याने माझे १,२०,३२० रुपयांचे नुकसान झाले असून त्याचा बाबवार तपशील परिशिष्टात आहे. त्यातील २४,००० रुपये ही अंशतः खराब मालावरील अंदाजित घट असून प्रत्यक्ष विक्रीनंतर बिलांसह अंतिम आकडा कळवेन. खराब माल दि. १६ मार्चपर्यंत पाहणीसाठी जपून ठेवला आहे. आपण प्रतिनिधी पाठवून पाहणी करावी. विमा कंपनीकडून काही रक्कम मिळाल्यास ती संस्थेस कळवीन व त्याच नुकसानीची रक्कम दुबार घेणार नाही.

हे पत्र व्यवस्थापक समितीच्या पुढील सभेसमोर ठेवून भरपाईबाबतचा निर्णय सभेनंतर १५ दिवसांत मला लेखी कळवावा. हे पत्र माझ्या इतर कायदेशीर हक्कांना बाधा न आणता दिले आहे.

आपला विश्वासू,
(सही, नाव, गाळा क्रमांक)

सोबत: पंचनामा, प्लंबरचा अहवाल, फोटो, खरेदी बिलांच्या प्रती, दरपत्रक व बिले, पूर्वीच्या दोन पत्रांच्या पोच असलेल्या प्रती, नुकसानीचे परिशिष्ट.

मसुद्यातल्या दोन वाक्यांकडे मुद्दाम लक्ष वेधतो. ‘ही मागणी खालील भरपाईच्या निर्णयावर अवलंबून नाही’ या वाक्यामुळे समितीला दुरुस्ती लांबवण्यासाठी पैशाच्या वादाचा आडोसा घेता येत नाही. ‘दुकान बंद केले तेव्हा माल कोरडा होता’ हे वाक्य नुकसान केव्हा झाले याची कालमर्यादा आखते; सीसीटीव्ही असेल तर रात्रीचे चित्रण लगेच उतरवून ठेवावे, कारण बहुतेक यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. पत्रात समितीतल्या कोणाच्या हेतूबद्दल किंवा स्वभावाबद्दल लिहू नये. तशा एका ओळीवरून पुढची पूर्ण सभा खर्ची पडते.

पत्र देताना आणि दिल्यानंतर

पत्र संस्थेच्या कार्यालयात दोन प्रतींत द्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का व सही घ्यावी. कार्यालय बंद असेल किंवा पोच द्यायला नकार मिळाला, तर ते स्पीड पोस्टाने नोंदणीकृत पत्त्यावर, वितरणाचा पुरावा मिळेल अशा रीतीने पाठवावे आणि ई-मेलही करावा.

समितीने खर्च मोठा असल्याचे सांगून सर्वसाधारण सभेची वाट पाहायला सांगितले, तर त्यातले काही खरे असते: सभासदसंख्येनुसार समितीच्या दुरुस्ती खर्चाला उपविधींत मर्यादा असते आणि त्यापुढे सभेची मंजुरी लागते. पण एक जॉइंट बदलणे किंवा काही फूट पाइप टाकणे हे सहसा त्या मर्यादेत बसते. म्हणून प्लंबरचे दरपत्रक पत्राबरोबर जोडणे उपयोगी ठरते.

भरपाईच्या रागात मासिक देखभाल शुल्क अडवू नये. शुल्क थकले की संस्था आपल्याला थकबाकीदार ठरवून व्याज लावते आणि वसुलीची कारवाई सुरू करू शकते. मग गळतीच्या प्रकरणातही प्रत्येक उत्तर थकबाकीपासून सुरू होते. हरकत नोंदवायचीच असेल तर ‘हक्क राखून’ असे लिहून शुल्क भरावे.

दुरुस्ती झालीच नाही, तर मार्ग सहकारी न्यायालयाचा आहे. आदर्श उपविधींत दुरुस्ती व गळतीसंबंधीचे वाद सहकारी न्यायालयाकडे न्यावेत असे म्हटले आहे, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली तो दावा दाखल होतो. दावा प्रलंबित असताना तातडीचा अंतरिम आदेशही मागता येतो, आणि चालू गळतीसाठी तो मागणे महत्त्वाचे असते. संस्था पत्राला उत्तरच देत नसेल तर उपनिबंधक किंवा सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. ते संस्थेला कळवू शकतात, पण मालाच्या नुकसानीची रक्कम ठरवून देण्याची जागा ती नव्हे. पैशाचा दावा सहकारी न्यायालयात चालेल की दिवाणी न्यायालयात, हे मांडणीवर अवलंबून असते आणि तिथे वकिलाचा सल्ला घ्यावाच. दिवाणी मार्ग ठरला, तर संस्थेच्या कामकाजाशी निगडित बाबींसाठी कलम १६४ नुसार निबंधकांना लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. ही नोटीस न देता घातलेला दावा तांत्रिक कारणावर अडकतो.

बऱ्याच प्रकरणांत संस्था काही रक्कम देऊ करते. वरच्या उदाहरणात समितीने ७०,००० रुपये देण्याचा ठराव केला, असे समजू. रक्कम स्वीकारताना पावतीवर काय लिहिले आहे ते शांतपणे वाचावे. ‘पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून’ असे शब्द असतील आणि उरलेले सोडायची तयारी नसेल, तर सही करू नये; ‘दि. ९ मार्च २०२६ च्या मागणीपैकी अंशतः रक्कम म्हणून, उर्वरित हक्क राखून’ असे लिहून घ्यावे. विम्याचा दावा चालू असेल तर संस्थेशी अंतिम तडजोड करण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवावे. दाव्याची रक्कम दिल्यावर संस्थेकडून वसुली करण्याचा हक्क कंपनीकडे जातो, आणि तो आपण आधीच सोडून दिला असेल तर कंपनी आपला दावा अडवू शकते.

पाइप बदलल्यावर फॉल्स सीलिंग लगेच बंद करू नये. वरच्या मजल्यांवर सकाळच्या वापराच्या वेळी काही दिवस जॉइंट कोरडा राहतो का ते पाहावे, रंगाची चाचणी पुन्हा करावी, आणि त्यानंतरच सीलिंग बसवताना त्या जॉइंटखाली उघडता येणारे झाकण ठेवून घ्यावे. काम पूर्ण झाल्याचे पत्र संस्थेला द्यावे. त्यात दुरुस्तीची तारीख, बदललेल्या भागाचे वर्णन आणि भरपाईची मागणी अद्याप प्रलंबित असल्याचा उल्लेख असावा.